पार्लर चालेल, टॅटू थांबेल

गरोदरपणात डोक्यावरचे केस दाट दिसू लागले की घरात कौतुक होतं. तीच वाढ हनुवटीवर, वरच्या ओठावर आणि बेंबीखाली दिसू लागली की मात्र बाई काळजीत पडते. दोन्हींच्या मागे संप्रेरकंच असतात. केस एरवी काही काळ वाढतो, मग थांबतो, मग गळतो. पोटात बाळ असताना इस्ट्रोजेन वाढतं आणि केसांचा वाढीचा काळ लांबतो, म्हणून रोजची गळती कमी होते. सोबत पुरुषी संप्रेरकांचं प्रमाणही थोडं वर जातं आणि एरवी बारीक लव असते तिथे जाडसर काळे केस येतात. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी डोक्यावरचे केस मूठमूठ गळायला लागतात, आणि चेहऱ्यापोटावरचे हे नवे केसही साधारण सहा महिन्यांत बहुतेकींचे आपोआप कमी होतात. हे आधीच ठाऊक असलं तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

केस दिसले की पार्लर आठवतं, आणि पार्लर म्हटलं की सल्ले सुरू होतात. आई म्हणते, या दिवसांत अंगाला काही लावू नकोस. मैत्रीण म्हणते, मी तर नववा लागेपर्यंत सगळं केलं. डॉक्टरांना विचारायचं तर सोनोग्राफीच्या रांगेत दोन तास बसून भुवयांचा प्रश्न विचारायची लाज वाटते. या गोंधळात थ्रेडिंग, वॅक्सिंग, लेझर, टॅटू आणि नाक-कान टोचणं अशा अगदी वेगवेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत जातात. काही जणी भुवया कोरणंसुद्धा सोडून देतात. काही जणी मात्र पाचव्या महिन्यात गोव्याला जाऊन दंडावर टॅटू काढून येतात, कारण तिथे त्यांना कुणी अडवलेलं नसतं.

या सगळ्यांत फरक करायला एक प्रश्न पुरतो. यात त्वचेला भोक पडतं का, आणि पडत असेल तर ते भरून यायला किती दिवस लागतात? बाळापर्यंत काय पोहोचेल याची भीती आपण भलत्याच गोष्टींबद्दल धरतो. कातडीवर लावलेल्या मेणातून बाळाला काही होत नाही. रक्तातून जाणारा विषाणू मात्र नाळेपर्यंत पोहोचू शकतो.

थ्रेडिंग या कसोटीवर सहज उतरतं. सुती दोरा पिळून केस मुळापासून उपटायचा, एवढंच त्यात आहे. कुठलं रसायन नाही, उष्णता नाही. गरोदरपणात त्वचेकडे रक्तप्रवाह वाढलेला असतो, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त दुखतं आणि लाली जास्त वेळ राहते. बघण्यासारखी गोष्ट एकच, आणि तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. दोऱ्याचं एक टोक पार्लरवाली दातांत धरते. ती लाळ दोऱ्यावरून ताज्या उपटलेल्या केसांच्या भोकांवर जाते. थ्रेडिंगनंतर भुवयांच्या कडेला चामखिळी उठल्याचे दाखले त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलेले आहेत. दोरा मानेत अडकवूनही हे काम तितक्याच सफाईने होतं. ‘ताई, दोरा गळ्यात अडकवाल का?’ एवढं विचारायला संकोच नको. दोराही प्रत्येकीसाठी नवा असावा.

वॅक्सिंगही चालतं. फक्त त्यात बिघडण्याच्या जागा जास्त आहेत. पहिली जागा वॅक्स हीटर. गरम वॅक्स सरळ पोटरीवर लावण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघावं. गरोदरपणात त्वचा हुळहुळी झालेली असते, कालपर्यंत सोसत होतं ते आज पोळतं. दुसरी जागा ती लाकडी पट्टी. डब्यात बुडवली, पायावर फिरवली, पुन्हा डब्यात बुडवली, असं झालं की तुमच्या आधी आलेल्या बाईच्या त्वचेवरचे जंतू त्या डब्यात उतरलेले असतात. वॅक्स कोमट असतं. त्या उष्णतेने जंतू मरतील ही समजूत चुकीची आहे. दर वेळी नवी पट्टी किंवा एकदा वापरून फेकायचं रोल-ऑन, हे मागणं रास्त आहे.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या त्वचेसाठी विशेष महत्त्वाची आहे. वांग. गरोदरपणात गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग उठतात, ते रंग तयार करणाऱ्या पेशी संप्रेरकांमुळे आधीच उतावीळ झाल्यामुळे. अशा वेळी ओठावर वॅक्सची पट्टी जोरात ओढली, त्वचा सुजली आणि त्याच दुपारी उन्हात गेलं की तिथला काळेपणा आणखी गडद होतो आणि महिनोन्महिने जात नाही. सावळ्या त्वचेवर ही शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा बरीच जास्त. म्हणून हातापायांना वॅक्स चालेल, चेहऱ्याला मात्र थ्रेडिंग बरं, आणि तेही संध्याकाळी, घरी जाऊन बसायचं असेल तेव्हा. मुरमांसाठी किंवा सुरकुत्यांसाठी रेटिनॉइड असलेलं क्रीम लावत असाल तर त्या त्वचेचं वरचं साल वॅक्सबरोबर निघून येतं. तसंही हे क्रीम दिवस गेल्याचं कळताच बंद करायचं असतं. त्याबद्दल डॉक्टरांशी बोललाच नसाल तर वॅक्सिंगच्या आधी तो विषय काढा.

पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर त्यांच्यावर पट्टी ओढायची नाही. हीच गोष्ट बिकिनी वॅक्सला लागू पडते. काही जणींना गरोदरपणात योनिमार्गाच्या बाहेरच्या बाजूलाही शिरा फुगतात, जडपणा आणि ठसठस जाणवते. पोट पुढे आल्यावर आपल्याला तिथलं दिसत नाही आणि पार्लरमधल्या बाईला त्या शिरा ओळखायचं शिक्षण नसतं. तिथे जखम झाली तर रक्त नेहमीपेक्षा जास्त येतं. दुखू नये म्हणून बधिर करणारं क्रीम सुचवलं जातं, ते मोठ्या भागावर थापून वर प्लास्टिक गुंडाळणं तर या दिवसांत अजिबात नको, कारण अशा वेळी औषध रक्तात बरंच शोषलं जातं.

झोपण्याची पद्धतही सांगायला हवी. पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपलं की गर्भाशयाचं वजन पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि काही मिनिटांत गरगरायला लागतं. पार्लरच्या अरुंद पलंगावर पाऊण तास उताणं पडून राहण्यापेक्षा उजव्या कुशीखाली उशी घालून थोडं डाव्या अंगावर कलावं, किंवा बसूनच हात-पाय करून घ्यावेत. घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच डावीकडे वळायचं.

आणि शेवटच्या महिन्यातली एक सवय सोडायला हवी. बाळंतपणाला जाण्याआधी जांघेतले केस स्वच्छ करून जायचे, ही आपल्याकडे शिस्तच मानली जाते. पूर्वी रुग्णालयात पोचल्यावर नर्सच वस्तरा घेऊन यायच्या. जागतिक आरोग्य संघटनेने नैसर्गिक बाळंतपणाआधी सरसकट केस काढू नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे, कारण त्याने जंतुसंसर्ग कमी होत नाही. सिझेरियनच्या बाबतीत तर उलटंच घडतं. वस्तऱ्याने किंवा वॅक्सने त्वचेवर न दिसणारे ओरखडे पडतात, त्यांत जंतू वाढतात आणि टाका नेमका तिथेच येतो. म्हणून ठरलेल्या सिझेरियनच्या आधी निदान आठवडाभर त्या भागाला वॅक्स किंवा वस्तरा लावू नये. गरज पडली तर शस्त्रक्रियेच्या वेळी क्लिपरने केस कापले जातात. सिझेरियन ठरलेलं नसलं तरी ते ऐनवेळी ठरू शकतं, तेव्हा नववा लागल्यावर तिथलं वॅक्सिंग बंदच ठेवलेलं बरं. कात्रीने आखूड करायला हरकत नाही.

केस काढायची क्रीमं थोडक्यात. त्यांतलं रसायन केस विरघळवतं, बाळापर्यंत जाईल इतकं शोषलं जात नाही. पण त्यांचा वास या दिवसांत सोसत नाही आणि बदललेल्या त्वचेवर पुरळ येऊ शकतं. कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस थांबावं, आणि बंद न्हाणीघरात ते लावून बसू नये. साधं रेझर हा सगळ्यांत निरुपद्रवी मार्ग आहे. पोट आड येतं, एवढीच अडचण.

आता लेझर. लेझर म्हटलं की एक्स-रे डोळ्यांपुढे येतो, आणि ही भीती अनाठायी आहे. केस काढायच्या लेझरचा प्रकाश एक्स-रेसारखा पेशींच्या आतल्या जनुकांना धक्का लावणारा नसतो. तो केसातल्या काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो, तिथे उष्णता तयार होते आणि केसाचं मूळ भाजून निघतं. ही सगळी गंमत कातडीखाली काही मिलिमीटरांतच संपते. गर्भाशय त्याच्या कितीतरी खाली, चरबी आणि स्नायूंच्या थरांपलीकडे असतं. त्यामुळे दिवस गेलेत हे कळण्याआधी एखादं सेशन झालं असेल तर झोप उडवून घेण्याचं कारण नाही. डॉक्टरांना सांगावं आणि पुढची सेशन्स थांबवावीत.

मग थांबवायची कशासाठी? कारण ती घेऊन फारसा उपयोगच नाही. लेझरला सहा ते आठ सेशन्स लागतात, दोन सेशन्समध्ये चार ते आठ आठवड्यांचं अंतर असतं. गरोदरपणात संप्रेरकं रोज नवे केस उगवायला लावत असतात आणि त्यांतले बरेच बाळंतपणानंतर आपण होऊन जाणार असतात. म्हणजे जे फुकट जाणार आहेत त्यांच्यासाठी हजारो रुपये मोजायचे. दुसरं कारण त्वचेचं आहे. लेझरला केसातला काळा रंग आणि त्वचेतला काळा रंग यांतला फरक फारसा कळत नाही. आपल्या सावळ्या त्वचेवर तंत्रज्ञाला एरवीही जपून काम करावं लागतं. त्यात गरोदरपणात रंगद्रव्य वाढलेलं असतं, वांग उठलेला असतो. मशीनचं माप जुन्याच आकड्यावर ठेवलं तर डाग, फोड किंवा पांढरे चट्टे उठतात. गरोदर स्त्रियांवर लेझरचे प्रयोग करून बघणं नैतिकदृष्ट्या शक्य नाही, म्हणून ‘सुरक्षित’ असा शिक्का त्याला कुणी देत नाही. घरी वापरायच्या आयपीएल यंत्रांच्या पुस्तिकेतही गरोदर स्त्रियांनी वापरू नये असं छापलेलं असतं. सुईतून वीज सोडून केस जाळायची इलेक्ट्रोलिसिसची पद्धतही याच रांगेत ठेवावी. बाळंतपणानंतर सहा महिने जाऊ द्यावेत, उरलेले केस किती आहेत ते बघावं, आणि मग पैसे भरावेत.

इथपर्यंतच्या गोष्टींत चूक झाली तरी ती बहुतेक वेळा त्वचेवरच राहते. टॅटूचं तसं नाही.

टॅटूची सुई त्वचेत एक-दोन मिलिमीटर जाते, बारीक रक्तवाहिन्यांच्या थरात. ती मिनिटाला हजारो वेळा आत-बाहेर होते. एका मध्यम आकाराच्या टॅटूत त्वचेला पडणाऱ्या भोकांचा हिशेब कुणी करत नाही. प्रत्येक भोकातून शाई जाते आणि शाईबरोबर जे काही असेल ते जातं. सुईवर आधीच्या गिऱ्हाइकाचं रक्त राहिलं असेल तर हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि क्वचित एचआयव्हीचा विषाणू जाऊ शकतो. चांगल्या स्टुडिओत सुई सीलबंद पाकिटातून समोर उघडतात, शाईची छोटी टोपणं एका गिऱ्हाइकापुरती असतात, मोजे बदलतात. जत्रेत बॅटरीवर चालणारं मशीन घेऊन बसलेल्या माणसाकडे, किंवा समुद्रकिनाऱ्यावर चटई टाकून बसलेल्याकडे, शाईची एक वाटी आणि एक सुई दिवसभर चालते.

गरोदर बाईच्या बाबतीत हा धोका वेगळा का ठरतो, हे एका उदाहरणाने बघू. समजा, एका बाईचं नाव दहाव्या आठवड्यात दवाखान्यात नोंदवलं गेलं. पद्धतीप्रमाणे रक्ताच्या तपासण्या झाल्या. एचआयव्ही नाही, सिफिलिस नाही, हेपटायटिस बी नाही. फाइलवर तसं लिहिलं गेलं आणि तो विषय संपला. विसाव्या आठवड्यात, मळमळ गेलेली आणि पोट अजून फार जड न झालेलं असताना, ती नवऱ्याबरोबर चार दिवस फिरायला गेली आणि मनगटावर छोटासा टॅटू काढून आली. त्या सुईवर हेपटायटिस बीचा विषाणू होता.

विषाणू लगेच रक्तात सापडत नाही. त्याचा पहिला मागमूस तपासणीत साधारण चार आठवड्यांनी लागतो, कधी त्याहून लवकर, कधी अडीच महिन्यांनी. कावीळ झालीच तर ती सरासरी तीन महिन्यांनी दिसते. आपल्या या बाईला तेव्हा आठवा महिना असेल. पण निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांना या आजारात काहीच लक्षणं जाणवत नाहीत, आणि थकवा, भूक मंदावणं, मळमळ ही लक्षणं आठव्या महिन्यात कोण आजाराची समजेल? तिचा आजार तिच्यापुरता बहुधा बराही होईल, कारण निरोगी प्रौढ माणसाचं शरीर शंभरातल्या पंच्याण्णव वेळा या विषाणूला हुसकावून लावतं.

बाळाचं गणित याच्या उलट आहे. आईला हा संसर्ग पहिल्या तिमाहीत झाला तर बाळाकडे जाण्याची शक्यता कमी असते. बाळंतपणाच्या सुमारास तो रक्तात भरात असेल तर ती खूप वाढते, कारण बहुतेक संसर्ग प्रसूतीच्या वेळी आईच्या रक्तातून होतो. आणि जन्मताना संसर्ग झालेल्या बाळांपैकी नव्वद टक्क्यांच्या शरीरात हा विषाणू आयुष्यभराचा मुक्काम ठोकतो. तिशी-चाळिशीत यकृताचा सिरॉसिस किंवा कर्करोग होण्याची सुरुवात तिथे झालेली असते.

याच्यावर उपाय आहे, आणि तो चांगला आहे. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत हेपटायटिस बीची लस आपल्याकडे सगळ्याच बाळांना देतात. आई बाधित असल्याचं माहीत असेल तर लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देतात, आणि आईच्या रक्तात विषाणू फार असतील तर सातव्या महिन्यापासून तिला गोळ्या सुरू करतात. ही सगळी साखळी मिळून बहुतेक बाळं वाचतात. पण साखळीची पहिली कडी म्हणजे ‘माहीत असणं’, आणि आपल्या बाईच्या फाइलवर तर ‘नाही’ असं लिहिलेलं आहे. तिसऱ्या महिन्यातला रिपोर्ट पाचव्या महिन्यातल्या सुईबद्दल काही सांगू शकत नाही. बाळाला लस मिळेल, प्रतिपिंडांचं इंजेक्शन मिळणार नाही, कारण त्याची गरज आहे हे प्रसूतीगृहात कुणालाच ठाऊक नाही.

‘पण लहानपणी लशी घेतल्यात की,’ असं कुणी म्हणेल. हेपटायटिस बीची लस देशभरातल्या सरकारी लसीकरणात 2011 च्या सुमारास आली. आज आई होणाऱ्या बहुतेक जणींचा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा. खासगी दवाखान्यात पैसे देऊन घेतली असेल किंवा नर्सिंग-वैद्यकीय शिक्षणात घ्यावी लागली असेल तरच ती मिळालेली असते. हेपटायटिस सीवर तर लसच नाही, आणि जन्माच्या वेळी बाळाला देता येईल असं काही औषधही नाही. बाधित आईकडून बाळाकडे तो साधारण वीसात एकदा जातो.

स्वच्छ स्टुडिओ निवडला की प्रश्न मिटला, असंही नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात 2011 मध्ये एकाच टॅटू कलाकाराच्या 19 गिऱ्हाइकांना टॅटूच्या करड्या भागावर लाल गाठी उठल्या. कलाकाराच्या स्वच्छतेत खोट नव्हती. दोष शाईत होता. करड्या रंगासाठी कारखान्यातच पाणी घालून पातळ केलेल्या शाईत क्षयाच्या जंतूच्या गोत्यातला, पाण्यात राहणारा एक जंतू होता. बाटली न उघडलेली असली तरी तो आत होताच. अशा गाठी एक ते तीन आठवड्यांनी उठतात, साध्या मलमाने जात नाहीत आणि कित्येक आठवडे प्रतिजैविकं घ्यावी लागतात. त्यांत ज्याचा आधार घेतला गेला ते डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात देत नाहीत, कारण ते बाळाच्या दातांत आणि हाडांत साचतं. म्हणजे आजार तोच, पण गरोदर बाईपुढे औषधांची निवड आखूड.

शाईतल्या रसायनांचा प्रश्न आणखी वेगळा. अमेरिकेच्या एफडीएने त्वचेत टोचण्यासाठी एकाही रंगद्रव्याला मंजुरी दिलेली नाही. युरोपीय संघाने 2022 पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आणि वर्षभराने एका निळ्या व एका हिरव्या रंगद्रव्यालाही त्यांत ओढलं. रंगाचे काही कण लसिकाग्रंथींत जाऊन बसतात, हे निश्चित आहे. बाळावर त्यांचा परिणाम होतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. मला स्वतःला टॅटू टाळायला हे कारण पहिलं वाटत नाही. रक्तातून जाणाऱ्या विषाणूंचं कारण एकटंच पुरेसं आहे.

गरोदरपणात टॅटू काढून झालाच असेल तर लपवू नये. डॉक्टरांना तारीख सांगावी. सुई आधी वापरलेली होती अशी खात्रीच असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण एचआयव्ही रोखायची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि हेपटायटिस बीची लस गरोदरपणात देता येते. वेळ निघून गेली असेल तर हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या काही आठवड्यांनी आणि बाळंतपणाच्या आधी पुन्हा करून घ्याव्यात. टॅटूभोवतीची लाली पहिल्या दोन-तीन दिवसांत ओसरायला लागते. ती पसरत गेली, पू आला किंवा ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला तर वाट बघायची नाही.

कमरेवर जुना टॅटू असलेल्या बायका आणखी एक प्रश्न विचारतात. बाळंतपणात पाठीत इंजेक्शन देता येईल का? पोकळ सुई रंगीत त्वचेतून गेली तर रंगाचा कण मणक्याजवळ जाईल, अशी शंका काही वर्षांपूर्वी निघाली. ती शंकेपलीकडे फारशी गेली नाही. भूलतज्ज्ञ डिझाइनमधली कोरी जागा शोधतात किंवा वरच्या त्वचेला बारीक छेद देऊन सुई घालतात. पूर्ण भरलेला जुना टॅटू सहसा आड येत नाही. खपली धरलेला, नुकताच काढलेला टॅटू मात्र आड येतो, कारण जखमेतून मणक्यात सुई घालायला कुणी धजावणार नाही.

डोहाळजेवणाला हातावर किंवा पोटावर नक्षी हवीच असेल तर मेंदी आहे. पाल्याची, हिरव्या वासाची, रात्रभर ठेवावी लागणारी. दोन तासांत कोळशासारखा काळा रंग देणारी ‘ब्लॅक मेंदी’ नको. तिच्यात केसांच्या डायमधलं पीपीडी मिसळलेलं असतं आणि त्याने त्वचेवर नक्षीच्याच आकाराचे फोड उठतात, पुढे आयुष्यभर डायची अ‍ॅलर्जी राहते. अंगात जी6पीडी या विकराची कमतरता आहे असं कधी सांगितलं गेलं असेल, तर साधी मेंदीही डॉक्टरांना विचारूनच लावावी.

राहिलं नाक-कान टोचणं. नथ घालायची म्हणून डोहाळजेवणाच्या तोंडावर नाक टोचायचा हट्ट बऱ्याच जणी करतात. टोचण्याची सुई एकदाच जाते, टॅटूसारखी हजारो वेळा नाही, पण रक्ताचा मामला तोच आणि जखम जास्त दिवस उघडी. कानाची पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरते. नाकपुडीला दोन ते चार महिने, कधी जास्त. म्हणजे सातव्या महिन्यात टोचलेलं नाक बाळंतपणापर्यंत धड भरलेलं नसतं आणि नथीचं वजन त्यावर टांगता येत नाही. चापाची नथ याच कामासाठी आहे. फोटोत फरक कळत नाही.

कानाच्या वरच्या, कुरकुरीत भागातून आरपार टोचायची सध्याची हौस तर आत्ता सक्त बाजूला ठेवावी. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे तिथे जंतू शिरला की कान लाल, गरम होतो, सुजतो आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर कायमचा वाकडा होतो. टोचायच्या गनने कूर्चा चिरडली जाते, म्हणून धोका आणखी वाढतो. तिथे हमखास सापडणाऱ्या स्युडोमोनास या जंतूवर तोंडाने घ्यायचं नेहमीचं औषध सिप्रोफ्लॉक्सॅसिन आहे, आणि गरोदरपणात ते शक्यतो टाळतात. मग शिरेतून द्यायच्या इंजेक्शनांसाठी दाखल व्हावं लागतं, एका बाळीपायी.

बेंबीत आधीपासून रिंग असेल तर ती लगेच काढायची गरज नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात पोट ताणलं की भोक लांबट होऊ लागतं, त्वचा लाल आणि चमकदार दिसते, कपड्यात रिंग अडकते. ही खूण दिसली की धातूची रिंग काढावी. भोक जुनं आणि पक्कं असेल तर बहुधा बुजत नाही. टिकवायचंच असेल तर लवचिक प्लास्टिकची दांडी मिळते. नवं भोक मात्र गरोदरपणात बेंबीत पाडू नये, कारण ते भरायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि तोवर पोट रोज ताणतच असतं. स्तनाग्रातली रिंग दूध पाजण्याआधी काढावी लागते. सैल झालेला मणी बाळाच्या घशात जाऊ शकतो. योनीजवळचं काही असेल तर नववा लागण्याआधीच काढावं.

प्रसूतीसाठी दाखल होताना अंगावर कुठेही धातू असेल तर तो भरती करून घेणाऱ्या नर्सला सांगावा, दिसत नसला तरी. सिझेरियनमध्ये रक्तवाहिन्या बंद करायला विजेचं उपकरण वापरतात आणि धातूजवळची त्वचा त्याने भाजू शकते. घाईच्या सिझेरियनमध्ये ऑपरेशन टेबलावर रिंगचा मणी फिरवत बसायला कुणाला सवड नसते. तेव्हा घरीच, सातव्या-आठव्या महिन्यात, थोडं खोबरेल लावून निवांतपणे ती काढून ठेवावी. बोटं अजून सुजलेली नसतात आणि बेंबी अजून दिसत असते.